‘लक्ष द्यायला हवं’, पण कोणी? एका रेट्रो-सारांशाचं पुनर्लेखन

सोलापुरातली सात जणांची एक सॉफ्टवेअर टीम. चार डेव्हलपर (त्यातला एक लीड), एक टेस्टर, एक डिझायनर आणि एक प्रॉडक्ट ओनर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी ऑर्डर, पॅकिंग आणि रवानगी सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे आहे. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे दहा कामाचे दिवस. प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे आणि आकडेही त्यातलेच आहेत. घडलं ते मात्र कुठल्याही टीमला ओळखीचं वाटेल.

स्प्रिंट २४ सोमवार, ६ जानेवारी ते शुक्रवार, १७ जानेवारी २०२५ असा चालला. अकरा स्टोऱ्या, म्हणजे कामाचे छोटे तुकडे, घेतल्या होत्या, त्यातल्या पाच पूर्ण झाल्या. शुक्रवारी संध्याकाळी तासभर रेट्रो, म्हणजे स्प्रिंट कसा गेला याचा आढावा घेणारी बैठक, झाली आणि रात्री लीडने ग्रुपवर हा सारांश टाकला:

> टीमने मेहनत घेतली, पण काही गोष्टी राहिल्या.
> टेस्टिंगला वेळ मिळाला नाही.
> रिक्वायरमेंट शेवटपर्यंत बदलत राहतात.
> गड्ड्याच्या सुट्ट्यांमुळे कामावर परिणाम झाला.
> कम्युनिकेशन सुधारायला हवं.
> टेस्ट सर्व्हर स्लो आहे (पुन्हा).
> पुढच्या वेळी सगळ्यांनी जास्त लक्ष द्यावं.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण सोमवारी सकाळी कामावर आलेल्या माणसाने हा सारांश वाचून काय वेगळं करायचं, ते यातून कळत नाही. असा मजकूर तपासायची एक सोपी खूण मराठीतच सापडते. ‘हवं’, ‘पाहिजे’, ‘व्हावं’, ‘झाला’, ‘राहिलं’ ही क्रियापदं अधोरेखित करायची आणि प्रत्येकापुढे ‘कोणी?’ असं विचारायचं. ‘कम्युनिकेशन सुधारायला हवं’ या वाक्यात सुधारणारा कुणीच नाही. ‘सगळ्यांनी’ हा कर्ता दिसायला कर्ता आहे, पण सात जणांचं काम कुणा एकाचंही नसतं. सात ओळींपैकी एकाही ओळीला या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं.

सोमवारी लीड पुनर्लेखनाला बसला तेव्हा त्याने भाषेपासून सुरुवात केली नाही, हे बरं झालं. तक्रारीचं वाक्य नुसतं गुळगुळीत केलं तर गुळगुळीत तक्रार तयार होते. त्याने आधी प्रत्येक ओळीमागचा प्रसंग शोधला: कुठल्या दिवशी, कुठल्या स्टोरीत, नेमकं काय घडलं.

‘टेस्टिंगला वेळ मिळाला नाही’

रेट्रोमध्ये या ओळीवर वीस मिनिटं गेली होती. डेव्हलपरांचं म्हणणं होतं की टेस्टिंग सावकाश चालतं, आणि टेस्टरचं म्हणणं होतं की कामं शेवटी येऊन आदळतात. मतांवर मतं रचण्यापेक्षा बोर्डाचा इतिहास बघणं सोपं असतं. कामांच्या नोंदीसाठी जिरा हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्यासाठी वेगळा रिपोर्ट लागत नाही, एवढी शोध-ओळ पुरते:

```
project = PACK AND status CHANGED TO "In Testing"
AFTER "2025-01-06" BEFORE "2025-01-16"
```

तारखेसोबत वेळ दिली नाही तर जिरा त्या दिवसाची सुरुवात धरतो. म्हणून १५ तारखेपर्यंतचं, म्हणजे पहिल्या आठ दिवसांतलं, हवं असेल तर १६ लिहायचे. ज्यांच्या बोर्डावर त्या रकान्याचं नाव वेगळं असेल त्यांनी तेच नाव अवतरणात घालावं. एखादी स्टोरी टेस्टिंगमधून परत गेली आणि पुन्हा आली तरी यादीत ती एकदाच दिसते, त्यामुळे ती पहिल्यांदा कधी आली हे तिचा इतिहास उघडूनच बघावं लागतं. अकरा स्टोऱ्यांसाठी हे अर्ध्या तासाचं काम आहे.

निघालं ते असं. पहिल्या पाच दिवसांत टेस्टिंगला एक स्टोरी आली. सहाव्या ते आठव्या दिवसांत दोन आल्या. नवव्या दिवशी चार, दहाव्या दिवशी तीन, आणि एक आलीच नाही. म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत सात. एका टेस्टरच्या हातून दिवसाला एक, फार तर दीड स्टोरी नीट तपासून होते. पहिल्या तीन पूर्ण झाल्या, नंतरच्या सातांतल्या दोन झाल्या आणि पाच अडकल्या.

मग टेस्टर सुटली आणि डेव्हलपर अडकले, असं लिहायचं का? लीडच्या पहिल्या मसुद्यात जवळपास तेच होतं: ‘डेव्हलपर कामं उशिरा देतात.’ ही तक्रार मूळच्या तक्रारीइतकीच निरुपयोगी आहे, फक्त तिचं बोट दुसरीकडे वळलं आहे. म्हणून आणखी एक पायरी खाली उतरावं लागतं: उशीर कुठे झाला? त्यासाठी दोन गोष्टी बघितल्या. पहिली, शुक्रवार, १० जानेवारीच्या संध्याकाळी, म्हणजे सुट्ट्यांच्या आधी, ‘चालू’ रकान्यात नऊ स्टोऱ्या होत्या आणि डेव्हलपर चार. प्रत्येकाने दोन-दोन, तीन-तीन कामं उघडून ठेवली होती. दुसरी, उशिरा आलेल्या सातांपैकी चार स्टोऱ्यांचा कोड लिहून झाला होता, पण मुख्य कोडमध्ये मर्ज व्हायला एका कामाच्या दिवसापेक्षा जास्त थांबला होता. कारण मंजुरी देण्याचा अधिकार एकट्या लीडकडे होता.

हे दुसरं कारण स्वतःबद्दल लिहिताना लीडची पंचाईत झाली असणार. इथे शब्दांची निवड खरोखर महत्त्वाची ठरते. ‘लीड रिव्ह्यू वेळेवर करत नाही’ हा माणसावरचा शेरा झाला. ‘मर्जची मंजुरी एकाच व्यक्तीकडे आहे, त्यामुळे चार स्टोऱ्या एक दिवसाहून जास्त थांबल्या’ हे व्यवस्थेचं वर्णन झालं. पहिल्यावर माणूस बचाव करतो आणि दुसऱ्यावर उपाय सुचवतो. पुढचं सगळं पुनर्लेखन याच नियमाने झालं: काय चुकलं ते लिहिताना व्यवस्थेबद्दल लिहायचं, काय करायचं ते लिहिताना माणसाचं नाव लिहायचं.

‘रिक्वायरमेंट बदलत राहतात’ आणि ‘कम्युनिकेशन’

‘सारख्या बदलतात’ असं म्हटलं की आधी मोजावं. अकरांपैकी दोनच स्टोऱ्या काम सुरू झाल्यावर बदलल्या होत्या, आणि दोन्ही पॅकिंग स्लिपच्या. पहिलीत प्रत्येक खोक्याचं निव्वळ आणि ढोबळ, अशी दोन्ही वजनं हवी होती, कारण काही व्यापाऱ्यांना हिशोब डझनावर लागतो आणि काहींना किलोवर. दुसरीत एकाच खोक्यात दोन रंगांचे टॉवेल असतील तर स्लिपवर त्यांच्या वेगवेगळ्या ओळी हव्या होत्या. या दोन बदलांत डेव्हलपरांचे मिळून तीन दिवस गेले.

प्रॉडक्ट ओनरकडून खुलासा आला तेव्हा चित्र बदललं. कारखान्याने आपलं मत बदललं नव्हतं. पॅकिंगच्या मुकादमाकडे हाताने भरलेल्या जुन्या स्लिपांची फाइल होती आणि या दोन्ही गोष्टी त्या स्लिपांवर आधीपासूनच होत्या. टीमने कोरा नमुना बघून काम सुरू केलं होतं. कोऱ्या नमुन्यात ‘वजन’ एवढा एकच रकाना होता. भरलेल्या स्लिपेवर त्याच रकान्यात तिरकी रेघ मारून दोन आकडे लिहिलेले असायचे. म्हणजे गरज बदलली नव्हती, ती उशिरा दिसली होती. हा फरक शब्दांचा नाही. गरज बदलते असं म्हटलं तर उपाय ग्राहकाला आवरण्याचा निघतो, आणि ती उशिरा दिसली असं म्हटलं तर उपाय काम सुरू करण्याआधी काय बघायचं याचा निघतो. दुसरा उपाय टीमच्या हातात आहे.

‘कम्युनिकेशन’च्या ओळीवर लीडने तिघांना एकेकटं विचारलं, ‘हे म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कुठला प्रसंग होता?’ तिघांनी एकच प्रसंग सांगितला. वजनाचा बदल करताना १५ जानेवारीला एपीआयमधल्या `weight` या फील्डचं नाव `net_weight` झालं. हँडसेटवरच्या पॅकिंग अॅपला ते कळलं नाही आणि वजन कोरं दिसू लागलं. टेस्टरचा अर्धा दिवस त्यात गेला. म्हणजे ही वेगळी तक्रार नव्हतीच, पॅकिंग स्लिपच्याच गोष्टीचं ते शेपूट होतं. दोन ओळींची एक ओळ झाली. ‘कम्युनिकेशन’ हा शब्द दिसला की त्यामागचा प्रसंग मागावा. बहुतेक वेळा प्रसंग एखादाच असतो आणि तो भलत्याच नावाने आलेला असतो.

गड्डा दरवर्षी येतो

सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच गड्डा, संक्रांतीच्या सुमारास असते आणि नंदीध्वजांची मिरवणूक निघते त्या दिवसांत सोलापुरात कामाला माणूस मिळत नाही, हे कुणाला नव्याने सांगायला नको. त्यामुळे ‘सुट्ट्यांमुळे परिणाम झाला’ हे लिहिणं म्हणजे पावसाळ्यात पाऊस पडला असं कळवणं. धडा सुट्टीत नाही, सुट्टी न धरता केलेल्या हिशोबात आहे. सात माणसं आणि दहा दिवस, असे सत्तर मनुष्यदिवस धरले होते. पाच जणांनी १३ आणि १४ तारखेला सुट्टी घेतली, म्हणजे प्रत्यक्षात साठ उरले. आधीच्या दोन स्प्रिंटमध्ये आठ आणि नऊ स्टोऱ्या पूर्ण झाल्या होत्या. त्या प्रमाणात या वेळी सातच्या आसपास झेपल्या असत्या. घेतल्या अकरा. स्टोऱ्या लहानमोठ्या असतात, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे, पण अकरा आणि सात यांतला फरक ढोबळ हिशोबातही लपत नाही.

इथे एक मोह टाळावा लागतो. सुट्टीचं कारण सगळ्यांना सोयीचं असतं, त्यात कुणाचाच दोष निघत नाही. म्हणून सगळं तिच्याच माथी मारलं जातं. पण चालू रकान्यातल्या नऊ स्टोऱ्या सुट्टीच्या आधीच्या होत्या. दोन्ही कारणं वेगवेगळी लिहिली तरच दोन्हींवर काही करता येतं.

सारांशात ठराव उगवत नाहीत

आता धडे तयार होते आणि लीडने त्यापुढे ठराव आणि नावंही लिहून टाकली. टेस्टिंगचा विषय म्हणून तिथे टेस्टरचं नाव घातलं. ग्रुपवर टाकायच्या आधी तिला दाखवलं, हे नशीब.

‘सर, उशिरा कामं तिकडनं येणार आणि नाव माझं लावणार होय?’

तिचं बरोबर होतं. पण मोठी चूक त्याहून वेगळी होती. शुक्रवारच्या बैठकीत असं काही ठरलंच नव्हतं. पुनर्लेखन करणाऱ्याला प्रसंग, आकडे आणि कारणं शोधता येतात. संमती मात्र त्याला लिहिता येत नाही. न झालेला ठराव नीटनेटक्या तक्त्यात बसवला की तो खरा वाटतो आणि दोन आठवड्यांनी ‘हे कधी ठरलं?’ असा प्रश्न येतो. त्यानंतर त्या तक्त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून नियम असा: बैठकीत ठरलं नसेल तर सारांशात ‘ठरलं नाही’ असंच लिहायचं, किंवा ठरवून घ्यायचं.

लीडने मंगळवारी स्टँडअपनंतर वीस मिनिटं घेतली. धड्यांची ओळ एकेक वाचली आणि प्रत्येकीपुढे दोनच प्रश्न ठेवले: काय बदलायचं, आणि ते घडतंय की नाही यावर कोण नजर ठेवणार? बदलाचा ओनर म्हणजे सगळं काम स्वतः करणारा नाही, हे त्याने आधीच सांगितलं. तो आठवण करणारा आणि शेवटी ‘झालं’ किंवा ‘झालं नाही’ हे सांगणारा. हे स्पष्ट केलं नाही तर हात वर येत नाहीत.

चालू रकान्यावर मर्यादा घालण्यावर खडाजंगी झाली. लीडने चार सुचवले, माणशी एक. एका डेव्हलपरने विचारलं, ‘माझं काम रिव्ह्यूत अडकलं तर मी काय हात बांधून बसू की काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ठरावातच लिहावं लागतं, नाहीतर तिसऱ्या दिवशी मर्यादा मोडते. ठरलं ते असं: मर्यादा पाच, आणि हात रिकामा झाला तर नवीन स्टोरी उघडण्याआधी दुसऱ्याचा रिव्ह्यू करायचा किंवा टेस्टरला टेस्ट डेटा तयार करून द्यायचा. यात नजर ठेवायचं काम त्या प्रश्न विचारणाऱ्या डेव्हलपरनेच घेतलं. आक्षेप घेणाऱ्याला पळवाटा कुठून निघतात ते ठाऊक असतं, त्यामुळे निवड चांगली झाली.

सर्व्हरची ओळ सलग तिसऱ्या रेट्रोत आली होती आणि सर्व्हर नेमका कधी, किती मंद होतो हे एकदाही कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पुराव्याशिवाय धडा नाही, म्हणून तिथे फक्त नोंद ठेवायचं ठरलं. ‘टीमने मेहनत घेतली’ आणि ‘जास्त लक्ष द्यावं’ या ओळी गेल्या.

अंतिम सारांश असा झाला. इथे नावांच्या जागी भूमिका दिल्या आहेत. टीमच्या प्रतीत प्रत्येक ठिकाणी एकाच व्यक्तीचं नाव होतं.

> स्प्रिंट २४ (६ ते १७ जानेवारी): ११ पैकी ५ पूर्ण
>
> १. काय दिसलं: ७ स्टोऱ्या शेवटच्या २ दिवसांत टेस्टिंगला आल्या. १० जानेवारीला ४ डेव्हलपरांकडे ९ स्टोऱ्या चालू होत्या. ४ स्टोऱ्या मर्जसाठी १ दिवसाहून जास्त थांबल्या, मंजुरी एकाच व्यक्तीकडे असल्याने.
> बदल (अ): चालू रकान्यात जास्तीत जास्त ५ स्टोऱ्या. हात रिकामा असेल तर आधी रिव्ह्यू किंवा टेस्ट डेटा. दोन स्प्रिंट करून बघायचं. ओनर: डेव्हलपर २. खूण: सातव्या दिवसाअखेर निम्म्या स्टोऱ्या एकदा तरी टेस्टिंगला पोचलेल्या.
> बदल (ब): डेव्हलपर ३ ला मर्जचा अधिकार. ओनर: लीड, २२ जानेवारीपर्यंत.
>
> २. काय दिसलं: पॅकिंग स्लिपच्या २ स्टोऱ्या कोऱ्या नमुन्यावरून सुरू झाल्या. भरलेल्या स्लिपेवरच्या गोष्टी उशिरा दिसल्या, ३ दिवस गेले. त्यातच फील्डचं नाव बदलून अॅप अडलं.
> बदल: छापील कागद निघणारी स्टोरी घेण्याआधी कारखान्यातल्या ३ भरलेल्या कागदांचे फोटो स्टोरीला जोडायचे. नसतील तर स्टोरी घ्यायची नाही. ओनर: प्रॉडक्ट ओनर, पुढच्या नियोजनापासून.
>
> ३. काय दिसलं: नियोजनात सुट्ट्या धरल्या नव्हत्या (७० ऐवजी ६० मनुष्यदिवस).
> बदल: नियोजनाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या सुट्ट्या बोर्डावर. ओनर: डिझायनर.
>
> ठरलं नाही: फील्डचं नाव बदलताना कळवण्याची पद्धत. पुढच्या रेट्रोत.
> फक्त नोंद: टेस्ट सर्व्हर मंद झाला की वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं ते लिहायचं. ओनर: टेस्टर, ३१ जानेवारीपर्यंत.

बदल चारच आहेत, आणि त्यातले दोन दहा मिनिटांत होणारे. यापेक्षा जास्त घेतले असते तर सात जणांच्या टीमला ते लक्षात ठेवणंही जमलं नसतं. हे चारही बदल पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर कार्ड म्हणून गेले. स्क्रम गाइडच्या २०१७ च्या आवृत्तीत रेट्रोतली किमान एक महत्त्वाची सुधारणा पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये असावी असं बंधन होतं. २०२० च्या आवृत्तीत ते ‘टाकता येईल’ इतकं सैल झालं. लहान टीमने जुनाच नियम पाळलेला बरा, कारण ग्रुपवरचा सारांश दोन दिवसांत वर सरकून दिसेनासा होतो आणि बोर्डावरचं कार्ड रोज सकाळी समोर असतं.

वरिष्ठांना गेलेल्या प्रतीत फक्त बदल, ओनर आणि तारखा होत्या. ‘काय दिसलं’ टीमपुरतं ठेवलं. आपलं म्हणणं वर जाणार आहे असं वाटलं की पुढच्या रेट्रोत लोक पुन्हा ‘कम्युनिकेशन’सारखे सुरक्षित शब्द शोधू लागतात.

३१ जानेवारी

पुढच्या रेट्रोची पहिली दहा मिनिटं याच कागदावर गेली. या वेळी आठ स्टोऱ्या घेतल्या होत्या, सात पूर्ण झाल्या. सातव्या दिवसाअखेर पाच टेस्टिंगला पोचल्या होत्या, म्हणजे खूण गाठली. मर्यादा एकदा मोडली, कारखान्यातून तातडीचा दोष आला म्हणून, आणि ओनरने तशी नोंद ठेवली होती. सात पूर्ण झाल्याचं श्रेय मर्यादेला द्यावं का, यावर टीमने घाई केली नाही. या स्प्रिंटमध्ये यात्राही नव्हती आणि स्टोऱ्याही कमी घेतल्या होत्या. दुसरा स्प्रिंट संपल्यावरच ठरवायचं, असं मूळ ठरावातच होतं.

मर्जचा अधिकार ठरल्या दिवशी दिला गेला, पण सवयीने सगळ्यांनी रिव्ह्यू लीडकडेच पाठवले. नव्या माणसाकडे दोनच आले. कागदावर ‘झालं’ आणि प्रत्यक्षात फारसं काही नाही, असा हा प्रकार. सारांशात तो तसाच लिहिला गेला आणि बदल दुरुस्त झाला: रिव्ह्यू आलटूनपालटून दोघांना आपोआप नेमला जाईल अशी मांडणी करायची, ओनर लीडच, ३ फेब्रुवारीपर्यंत. भरलेल्या स्लिपांचे फोटो एका स्टोरीला आले, दुसरीला आले नाहीत, म्हणून ती स्टोरी नियोजनात घेतलीच नाही. फील्डच्या नावाचा विषय चर्चेला आला आणि ओनर मिळाला.

सर्व्हरच्या वहीत दहा दिवसांत तीन नोंदी होत्या. तिन्ही वेळा नवीन बिल्ड चढवल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या. त्या दहा मिनिटांत टेस्टिंग सुरू करायचं नाही एवढंच ठरलं, आणि तीन रेट्रो फिरत आलेली ती ओळ यादीतून गेली.